भाऊबीजेचा मेल: ओवाळणी भावाची, घरासाठीचा डबा दुकानाचा

"आमचं नाशिकला मिठाईचं दुकान आहे, ऑनलाइन ऑर्डरपण घेतो. साधारण ४,००० कस्टमरचे ईमेल आहेत. भाऊबीजेला भाऊ-बहिणींना गिफ्ट सुचवणारा मेल पाठवायचाय, त्यात आमची छोटीशी ऑफर हवी पण जाहिरात अंगावर आल्यासारखी वाटायला नको. नेमकं काय लिहू आणि कधी पाठवू?"

सगळ्यात आधी राखीपौर्णिमेचा मेल उघडून त्यात नाव बदलायचा विचार असेल तर तो सोडा. बरेच ब्रँड तेच करतात, मनगटावर राखीचा फोटो, "बंधन", "रक्षण" वगैरे शब्द तसेच, आणि वर हेडिंग भाऊबीजेचं. आपल्याकडचा माणूस ते बघताक्षणी ओळखतो की हे कुठूनतरी उचललेलं आहे. भाऊबीजेला ताट असतं, निरांजन असतं, सुपारी, अंगठी, अक्षता असतात, बहीण औक्षण करते आणि भाऊ ताटात ओवाळणी घालतो. फोटो लावायचाच असेल तर एका ताटाचा लावा, तोही तुमच्या घरातला फोनवर काढलेला चालेल.

आता मुद्द्याचं. मिठाईवाल्यांचा भाऊबीजेचा मेल फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने, ते मिठाईलाच बहिणीचं गिफ्ट म्हणून विकायला जातात. "यंदा ताईला द्या गोड भेट." पण ताईला ओवाळणी मिळते, पाकीट, साडी, कानातलं, जे काही असेल ते. मिठाईचा डबा तिच्या हातात पडला तरी तो तिच्या घरासाठी असतो. लग्न झालेली बहीण असेल तर भाऊ तिच्या सासरी जातो, तिथे तिची सासू असते, नणंद असते, पोरं असतात, आणि डबा त्या सगळ्यांसमोर उघडला जातो. म्हणजे घेणारा भाऊ डोक्यात दोन वेगळे हिशेब करत असतो, बहिणीला काय आणि घरी काय न्यायचं. तुमचा माल दुसऱ्या हिशेबात बसतो, पहिल्यात नाही. मेलमध्ये हे स्पष्ट मान्य केलंत, की ओवाळणी तुमची तुम्ही बघा, घरासाठीचा डबा आमच्यावर सोडा, की मग तुम्ही बाकीच्या सजेशन मोकळेपणाने देऊ शकता, कारण त्या तुमच्या मालाशी भांडत नाहीत. ऑफर अंगावर आल्यासारखी वाटत नाही ती यामुळे, शब्द गोड वापरल्यामुळे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे भाऊबीज हा दिवाळीचा शेवटचा दिवस. तोपर्यंत प्रत्येक घरात लाडू, करंज्या, शंकरपाळे आहेतच, शिवाय ऑफिसमधून आलेले दोन-तीन डबे फ्रीजवर पडलेले. त्या दिवशी एक किलोची मिक्स मिठाई म्हणजे घरातल्या बाईला अजून एक संपवायची गोष्ट. म्हणून भाऊबीजेला छोटा डबा ठेवा, पाव किलोचा, आणि त्यात दोनच प्रकार, काजूकतली आणि साखर न घातलेली अंजीर बर्फी असं काहीतरी. छोटा डबा विकला तर बिल लहान होईल ही भीती बरोबर आहे, पण त्याच्यासोबत तिखट-खारं काहीतरी जातं आणि एका भावाला दोन-तीन बहिणी असल्या की तो दोन-तीन डबे घेतो, एक किलोचे तीन कोणी घेत नाही.

ऑफर काय द्यायची ते यातूनच ठरतं. टक्क्यात सूट देऊ नका. एकतर सणाच्या शकुनाच्या वस्तूवर "१५% ऑफ" लिहिलेलं आणि तेच बहिणीच्या घरी न्यायचं हे माणसाला बरं वाटत नाही, आणि दुसरं म्हणजे त्या आठवड्यात तुमचं दुकान तसंही भरलेलं असतं, जो माणूस पूर्ण पैसे देऊन घेणारच होता त्याला तुम्ही सूट देता. समजा डबा ३६० रुपयांचा आहे, १५ टक्के म्हणजे ५४ रुपये सरळ गेले. त्याऐवजी १०० ग्रॅम मक्याचा चिवडा सोबत दिलात तर तो तुम्हाला समजा २५-३० रुपयांत पडतो, घेणाऱ्याला त्याची किंमत जास्त वाटते, आणि गोडाने कंटाळलेल्या घरात तोच आधी संपतो. आणि त्याला एक अट जोडा जी तुमच्या कामाची आहे, म्हणजे आदल्या दोन दिवसांपर्यंत ऑर्डर सांगून ठेवणाऱ्यालाच चिवडा. तुम्हाला आकडा आधी कळतो, भट्टीवरच्या लोकांना कळतं किती काजूकतली थापायची, आणि भाऊबीजेच्या सकाळी काउंटरवर चेंगराचेंगरी कमी होते.

आता मेल कोणाला. तुमच्याकडे ईमेल आहेत, पण त्यातला कोण भाऊ आणि कोण बहीण हे तुम्हाला माहीत नाही. नावावरून अंदाज लावायला जाऊ नका, किरण, शीतल, सुहास या नावांवर हमखास चुकाल, आणि नाव बरोबर ओळखलं तरी बाई म्हणजे बहिणीच्या बाजूनेच विचार करणार असंही नाही, कित्येक घरांत भावाने काय न्यायचं ते वहिनीच ठरवते आणि ऑर्डरही तीच करते. म्हणून स्त्री-पुरुष हा भेद सोडा आणि परिस्थिती विचारा. पहिल्या मेलमध्ये तीन मोठे बटण द्या, "मी बहिणीकडे जाणार", "भाऊ माझ्याकडे येणार", "यंदा भेट नाही, पाठवायचंय". जो ज्यावर क्लिक करेल त्याला त्या यादीत टाका, मेल पाठवायच्या बहुतेक टूलमध्ये लिंकवर क्लिक केलं की टॅग लावायची सोय असते. कोणी काहीच दाबलं नाही तर त्याला बहिणीकडे जाणारा समजून पुढचा मेल पाठवा, कारण मिठाईचा डबा घेणारे मुख्यतः तेच असतात.

आणि चौथी एक छोटी लिंक हवीच, बटण नको, खाली साध्या अक्षरात: "भाऊबीजेचे मेल नको असतील तर इथे सांगा, बाकीचे मेल चालू राहतील." कारण विचारू नका. कोणाचा भाऊ गेलेला असतो, कोणाची बहीण, कोणाचं प्रॉपर्टीवरून वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं, आणि अशा माणसाला "ताईची आठवण येतेय ना?" असा मेल जाणं फार वाईट. तेवढा एक टॅग सांभाळायला तुम्हाला काहीही खर्च नाही. मेलमधला मजकूरही तसाच ठेवा, नात्याबद्दल भावनिक लेक्चर देऊ नका, "तुमच्या लाडक्या", "जगातलं सुंदर नातं" हे सगळं काढा, फक्त काय नेता येईल ते सांगा.

चार हजारांत एक गट मात्र वेगळा काढून ठेवा, तो सगळ्यात मोलाचा. मागच्या राखी आणि दिवाळीच्या ऑर्डरची शीट उघडा आणि जिथे पैसे भरणाऱ्याचं नाव एक आणि डिलिव्हरीचं नाव-पत्ता दुसरा आहे त्या ओळी काढा. पुण्या-मुंबईत, बेंगळुरूला किंवा परदेशात बसलेला भाऊ आणि नाशिकमधली बहीण, किंवा उलट. यांना विचारायची गरजच नाही, त्यांचं उत्तर शीटमध्ये आहे. त्यांच्यासाठी वस्तूपेक्षा सर्व्हिस जास्त महत्त्वाची, की अकरा वाजायच्या आत पोचेल का, बिल डब्यात टाकणार नाही ना, चिठ्ठी हाताने लिहून द्याल का. हे तीन प्रश्न त्यांच्या मेलमध्ये पहिल्या चार ओळींत सोडवले की पुढे फारसं लिहायला लागत नाही.

तारखांचं २०२६ चं गणित मांडतो. लक्ष्मीपूजन रविवार ८ नोव्हेंबर, पाडवा मंगळवार १०, भाऊबीज बुधवार ११. म्हणजे लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मध्ये सोमवार ९ हा एक मोकळा दिवस सापडतोय आणि तुमचा सगळा खेळ त्या दिवसावर ठेवा. पहिला मेल, तीन बटणांचा, गुरुवारी २९ ऑक्टोबरला. तेरा दिवस आधी का, तर ज्यांना नाशिकबाहेर कुरियर करायचंय त्यांना पुढच्या मंगळवारपर्यंत, म्हणजे ३ नोव्हेंबरपर्यंत ऑर्डर देता यावी, कारण दिवाळीच्या मुख्य दिवसांत कुरियरचं कोणी वचन देऊ शकत नाही आणि तुम्हीही देऊ नका. कुरियरने फक्त काजूकतली, सुकामेव्याची बर्फी, चिवडा असलं टिकणारं पाठवा. खव्याचे पेढे, बासुंदी, श्रीखंड हे कुरियरच्या यादीत ठेवूच नका, दुकानातून नेणाऱ्यांसाठीच. डब्यावर किती तारखेपर्यंत खायचं ते लिहा, तीच तारीख मेलमध्येही लिहा. सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवर ही तारीख लावणं एफएसएसएआयने १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक केलंय, तर तुम्ही ती ठेवताच, मग मेलमध्ये लपवायचं कारण नाही, लांब पाठवणाऱ्याला उलट त्यानेच विश्वास येतो. आणि वजन सांगताना डब्याचं वजन सोडून.

दुसरा मेल सोमवारी ९ तारखेला सकाळी, नाशिकमधल्यांना. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाठवू नका, त्या दिवशी लोक शुभेच्छांच्या मेसेजमध्ये बुडालेले असतात. ज्यांनी आधीच ऑर्डर दिलीय आणि ज्यांनी "नको" सांगितलंय त्यांना या यादीतून काढायला विसरू नका, ऑर्डर दिलेल्या माणसाला पुन्हा "अजून ठरलं नाही का?" गेलं की तो ऑर्डर मिळाली की नाही म्हणून दुकानात फोन करतो आणि त्या दिवशी फोन उचलायला कोणी नसतं.

हा सोमवारचा, बहिणीकडे जाणाऱ्यांसाठीचा मेल मी असा लिहीन:

विषय: भाऊबीजेला ताईकडे जाताना काय न्याल?

विषयाखालची ओळ: तिच्यासाठी काहीतरी, घरासाठी काहीतरी

नमस्कार,

परवा, बुधवारी भाऊबीज. ओवाळणीचं पाकीट तर असतंच, पण सोबत अजून काय न्यायचं हा प्रश्न दरवर्षी आदल्या रात्री पडतो. म्हणून चार गोष्टी सुचवतोय, यातल्या तीन आमच्या दुकानात मिळत नाहीत.

ती वाचणारी असेल तर दोन दिवाळी अंक न्या, एक तिच्या आवडीचा आणि एक तुमच्या. नंतर फोनवर बोलायला विषय मिळतो.

तुमच्या फोनमध्ये लहानपणीच्या फोटोचा फोटो काढलेला असेल, तो प्रिंट करून साध्या फ्रेममध्ये द्या. प्रिंट आजच टाका, उद्या पाडवा आहे.

तिच्या घरातलं एखादं रखडलेलं काम बघा, मिक्सरचं भांडं, जुना चष्मा, बंद पडलेलं घड्याळ. ती स्वतःहून सांगणार नाही, भाच्यांना विचारा.

आणि घरी सगळ्यांसाठी हातात एक डबा. फराळ भरपूर झालेला असतो म्हणून आम्ही छोटा केलाय, पाव किलो, निम्मी काजूकतली आणि निम्मी साखर न घातलेली अंजीर बर्फी. ३६० रुपये. २० नोव्हेंबरपर्यंत चांगला राहतो.

आज रात्री नऊपर्यंत सांगून ठेवलात तर सोबत १०० ग्रॅम मक्याचा चिवडा आमच्याकडून. ऑर्डर करताना BEEJ लिहा, किंवा दुकानात येऊन "मेल आला होता" एवढं म्हणा. डबा बुधवारी सकाळी आठपासून तयार असेल.

यात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. "तीन आमच्याकडे मिळत नाहीत" ही ओळ काढू नका, तिच्यामुळेच चौथी वाचली जाते. ऑफर एकदाच आलीय, शेवटी, आणि तिच्यात मुदत खरी आहे, आज रात्री नऊ म्हणजे नऊच, उद्या पुन्हा "मुदत वाढवली" असा मेल टाकलात तर पुढच्या वर्षी कोणी वेळेत ऑर्डर देणार नाही. आणि सुरुवातीला नाव नाही, फक्त नमस्कार, कारण तुमच्या शीटमध्ये नावं इंग्रजी अक्षरात, कुठे सगळी कॅपिटल, कुठे नुसता "ओनर", कुठे फ्लॅट नंबर असं काहीही असतं आणि मराठी वाक्यात ते मध्येच आलं की मेल मशीनचा आहे हे लगेच दिसतं. तुम्ही-आम्ही ठेवलं की "येतोस की येतेस" हाही घोळ होत नाही.

तो २० तारखेचा आकडा माझा नमुना आहे, तुमच्या कारागिराला विचारून तुमच्या मालाची खरी तारीख टाका.

"भाऊ माझ्याकडे येणार" वाल्यांना हाच मेल अजिबात चालणार नाही. त्यांना डबा नकोय, त्यांना जेवणातलं गोड हवंय, श्रीखंड किंवा बासुंदी, किती माणसांना किती लागेल आणि बुधवारी किती वाजता मिळेल. विषय साधा ठेवा, "भाऊ जेवायला येतोय, गोडाचं आमच्याकडे सांगून ठेवा". सहा माणसांना पाऊण ते एक किलो बासुंदी पुरते असं सरळ लिहा, लोकांना हाच अंदाज येत नसतो. भावाला परत द्यायला काय, हेही दोन ओळींत सुचवा, शर्ट किंवा कुर्ता, किंवा त्याच्या आवडीचा घरचा एखादा पदार्थ डब्यात भरून. इथे ऑफर म्हणून काही फुकट देऊ नका, त्यांच्यासाठी रांगेत उभं राहायला न लागणं हीच ऑफर आहे, आगाऊ सांगितलेल्यांना वेगळ्या काउंटरवरून नऊ ते अकरामध्ये मिळेल एवढं लिहा आणि ते पाळा.

टेक्निकल बाजूचं थोडंच सांगतो. मजकूर इमेजमध्ये टाकू नका. डिझायनर सुंदर फॉन्टमध्ये पूर्ण मेल एकच इमेज करून देतो, इमेज लोड झाली नाही की समोर पांढरा चौकोन, आणि म्हाताऱ्या माणसाला झूमपण नीट होत नाही. साधा टाइप केलेला मजकूर ठेवा, फोनमध्ये देवनागरी फॉन्ट असतोच, फक्त ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत जातात. मेल लांब झाला आणि कोड १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो मध्येच कापतं, आणि देवनागरीचं एक अक्षर-चिन्ह तीन बाइट घेतं, त्यामुळे रेडीमेड टेम्प्लेटचा फालतू कोड असेल तर तुम्ही अपेक्षेपेक्षा लवकर तिथे पोचता. कापला गेला तर खालची ऑफर आणि "नको" ची लिंक दोन्ही गायब. टेस्ट मेल स्वतःला पाठवून एका स्वस्त अँड्रॉइडवर आणि एका आयफोनवर शेवटपर्यंत स्क्रोल करून बघा.

डोमेनचं एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच तुमच्याच दुकानाकडून आलाय हे पटवणाऱ्या दोन सेटिंग, नीट लावलेल्या आहेत का तेही आत्ताच बघून घ्या, फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबद्दल कडक झालंय. स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हवं असं ते सांगतात, म्हणजे तुमच्या यादीच्या मानाने ढोबळ बारा जणांनी "स्पॅम" दाबलं की तुम्ही काठावर. म्हणून दोन-तीन वर्षांत ज्यांनी काहीच घेतलं नाही त्यांना दिवाळीत अचानक उठवू नका, त्यांना हा मेल पाठवूच नका. यादी २,५०० वर आली तरी चालेल.

किती जणांनी मेल उघडला या आकड्यावर फार विसंबू नका, आयफोनच्या मेल ॲपमध्ये न वाचलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जाऊ शकतो. BEEJ किती वेळा आलं, काउंटरवर "मेल आला होता" किती जण म्हणाले (काउंटरवरच्या पोराला एक वही आणि पेन देऊन रेघा मारायला सांगा), सोमवारी रात्री नऊपर्यंत किती डबे बुक झाले, आणि किती जणांनी तीनपैकी कोणतं बटण दाबलं, हे चार आकडे ठेवा. शेवटचा आकडा पुढच्या राखीला पण कामाला येतो.

मेल पाठवायच्या आधी भट्टीवर जाऊन एक विचारून या, त्या सोमवार-मंगळवारात जादाचे किती पाव किलोचे डबे खरंच निघतील. उत्तर दीडशे आलं तर अडीच हजार लोकांना एकदम मेल टाकू नका, सकाळी आधी नेहमीच्या सातशे-आठशे लोकांना टाका, दुपारी बुकिंग बघा आणि डबे शिल्लक असतील तरच बाकीच्यांना. मेलला रिप्लाय येईल असा पत्ता ठेवा, नो-रिप्लाय नको, आणि त्या दोन दिवसांसाठी दुकानातल्या एका माणसाला फक्त तो इनबॉक्स द्या, कारण रिप्लाय ठराविकच येतात, "ताईला शुगर आहे, कतलीऐवजी दुसरं काही देता का", "दोन बहिणी, एक सिडकोत एक पंचवटीत, दोन्हीकडे पोचेल का", आणि अशा मेलला तासाभरात उत्तर गेलं तर ती ऑर्डर सहसा पक्की होते.

परदेशातल्या भावाच्या ऑर्डरचं अजून एक, डबा बहिणीच्या हातात पडला की लगेच ताटाजवळ ठेवलेल्या डब्याचा एक फोटो डिलिव्हरीवाल्याने तिला विचारून काढावा आणि त्या भावाला पाठवावा, ती "नको" म्हणाली तर नुसतं "साडेदहाला पोचला" एवढं लिहून कळवा.